वाढ पुढे मंदावणार असेल तर लाभांशावरून शेअरचं मूल्य कसं काढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिव्हिडंड डिस्काउंट मॉडेल थोडक्यात काय म्हणतं?

शेअर कायमचा जवळ ठेवला तर कंपनीकडून तुमच्या हाती फक्त लाभांश येतो. म्हणून शेअरचं मूल्य म्हणजे पुढच्या सगळ्या लाभांशांचं आजचं मूल्य. पाच वर्षांनी शेअर विकायचा असला तरी हिशोब बदलत नाही, कारण तेव्हाचा खरेदीदारही त्यापुढच्या लाभांशांसाठीच पैसे मोजणार असतो. ही मांडणी जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ मध्ये केली. पुढे मायरन गॉर्डन यांनी तिला सुटसुटीत सूत्राचं रूप दिलं, म्हणून स्थिर वाढीच्या मॉडेलला ‘गॉर्डन मॉडेल’ असंही म्हणतात.

स्थिर वाढीचं सूत्र काय आहे?

```
P0 = D1 / (r - g)
```

`P0` म्हणजे शेअरचं आजचं मूल्य आणि `D1` म्हणजे येत्या वर्षाचा लाभांश. `r` म्हणजे या शेअरमधून तुम्हाला हवा असलेला वार्षिक परतावा आणि `g` म्हणजे लाभांशाच्या वाढीचा दर, जो कधीच बदलणार नाही असं गृहीत धरलेलं आहे. यंदाचा लाभांश १० रुपये, वाढ ६ टक्के आणि अपेक्षित परतावा १२ टक्के असेल, तर पुढचा लाभांश १०.६० रुपये होतो. त्याला ०.०६ ने भागलं की १७६.६७ रुपये येतात.

इथे बरेच जण `D1` च्या जागी यंदाचाच लाभांश घालतात. मग १६६.६७ येतात आणि दहा रुपये कुठे गेले ते कळत नाही. सूत्राला नेहमी पुढचा लाभांश लागतो.

माझी कंपनी १५ टक्क्यांनी वाढते आहे. सूत्रात घातलं तर उत्तर उणे येतं. असं का?

कारण सूत्रातला वाढीचा दर अनंत काळासाठी असतो. १२ टक्के परताव्याच्या अपेक्षेसमोर १५ टक्के वाढ कायमची धरली, तर प्रत्येक पुढच्या लाभांशाचं आजचं मूल्य आधीच्या लाभांशापेक्षा मोठं होत जातं आणि बेरीज कुठे थांबतच नाही. `r` हा `g` पेक्षा मोठा असेल तरच सूत्र लागू पडतं. नसेल तर येणाऱ्या उणे आकड्याला काहीही अर्थ नाही. तो ‘शेअर महाग आहे’ असंही सांगत नाही.

मात्र १५ टक्के वाढ काही ठरावीक वर्षं धरायला हरकत नाही. मोजक्या वर्षांची बेरीज कितीही वेगाने वाढली तरी ती मोजता येते. दोन टप्प्यांचं मॉडेल याच फटीतून निघालं आहे.

दोन टप्प्यांचं गणित प्रत्यक्षात कसं करायचं?

एक काल्पनिक कंपनी घेऊ. यंदाची प्रतिशेअर कमाई, म्हणजे ईपीएस, ४० रुपये आहे. त्यातले १० रुपये लाभांश म्हणून वाटले, म्हणजे पेआउट २५ टक्के. पुढची पाच वर्षं १५ टक्के वाढ, त्यानंतर कायम ६ टक्के. अपेक्षित परतावा १२ टक्के.

आधी पहिल्या पाच वर्षांचे लाभांश मांडायचे: ११.५०, १३.२३, १५.२१, १७.४९ आणि २०.११ रुपये. प्रत्येक लाभांश त्या-त्या वर्षासाठी १२ टक्क्यांनी मागे आणायचा, म्हणजे जितकी वर्षं तितक्या वेळा १.१२ ने भागायचा. आजची मूल्यं येतात १०.२७, १०.५४, १०.८३, ११.१२ आणि ११.४१. वाढ अपेक्षित परताव्यापेक्षा जास्त असल्यामुळे हे आकडे घटत नाहीत, उलट किंचित चढतात. बेरीज ५४.१६ रुपये.

मग पाचव्या वर्षाअखेर उभं राहून पुढच्या अनंत वर्षांचं मूल्य गॉर्डनच्या सूत्राने काढायचं. याला टर्मिनल व्हॅल्यू म्हणतात. सहाव्या वर्षाचा लाभांश २०.११ च्या ६ टक्के वर, म्हणजे २१.३२. त्याला ०.०६ ने भागलं की ३५५.३४. हे पाच वर्षं मागे आणलं की २०१.६३ रुपये उरतात. दोन्ही मिळून २५५.७९.

बहुतेक ठिकाणी उदाहरण इथेच संपतं. पण या उत्तरात एक मोठी गडबड आहे, तिच्याकडे पुढे येऊच.

टर्मिनल व्हॅल्यू सहाव्या वर्षाच्या लाभांशावरून काढली, मग ती सहा वर्षं मागे आणायची ना?

नाही, पाचच वर्षं. सूत्र नेहमी लाभांशाच्या एक वर्ष आधीचं मूल्य देतं. `D1` घातला की आजचं मूल्य मिळतं, तसंच `D6` घातला की पाचव्या वर्षाअखेरचं. सहा वर्षं मागे आणलं तर आपल्या उदाहरणात टर्मिनल व्हॅल्यूचा भाग २०१.६३ ऐवजी १८०.०३ होतो. चूक मोठी आहे, पण उत्तर बघून संशय येईल इतकी नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं शीटमध्ये तशीच राहते.

वर म्हटलेली गडबड कोणती?

वाढ १५ वरून ६ टक्क्यांवर आणली, पण पेआउट मात्र २५ टक्केच ठेवला. आता विचार करा. कंपनी नफ्यातले ७५ टक्के स्वतःकडे ठेवते ते वाढीसाठी. नवीन कारखाना, नवीन दुकानं, खेळतं भांडवल, जे काही असेल ते. वाढ निम्म्याहून कमी झाली तर तेवढा पैसा ठेवून ती करणार काय?

वाढीचा आणि राखलेल्या नफ्याचा संबंध साधा आहे:

```
g = ROE x (1 - payout)
```

भागधारकांच्या भांडवलावर कंपनी जो परतावा मिळवते तो आरओई. पहिल्या टप्प्यात ७५ टक्के नफा राखून १५ टक्के वाढ होते, म्हणजे आरओई २० टक्के. चांगली कंपनी. दुसऱ्या टप्प्यात ७५ टक्केच राखून वाढ ६ टक्के, म्हणजे आरओई ८ टक्के. भागधारकांना १२ टक्के हवे असताना कंपनी त्यांचे पैसे अडकवून ८ टक्के कमावते आहे, आणि हे कायमचं! आपण ‘वाढ मंदावेल’ एवढंच म्हणालो होतो. मॉडेलने त्याचा अर्थ लावला की व्यवस्थापन कायमचं भागधारकांच्या पैशांची नासाडी करत राहील.

आता पेआउट वाढीशी जुळवून बघू. समजा दुसऱ्या टप्प्यात नव्या गुंतवणुकीवर आरओई १५ टक्के राहील. ६ टक्के वाढीसाठी ४० टक्के नफा राखला की पुरे, ६० टक्के वाटता येईल. पाचव्या वर्षाचा ईपीएस ८०.४५, सहाव्याचा ८५.२८. त्याचे ६० टक्के म्हणजे ५१.१७ रुपये लाभांश. ०.०६ ने भागून टर्मिनल व्हॅल्यू ८५२.८२, आज तिचं मूल्य ४८३.९१. पहिल्या टप्प्याचे ५४.१६ मिळवले की ५३८.०७ रुपये.

२५६ आणि ५३८. कंपनी तीच, दोन्ही टप्प्यांतले वाढीचे दर तेच, अपेक्षित परतावाही तोच. फरक फक्त एका रकान्याचा, जो बहुतेकांच्या शीटमध्ये असतच नाही. दोन टप्प्यांचं मॉडेल ‘फारच कमी किंमत दाखवतं’ अशी तक्रार येते, तिच्यामागे माझ्या मते बहुतेक वेळा हेच कारण असतं.

ही चूक माझ्या शीटमध्ये आहे का, ते चटकन कसं ओळखायचं?

टर्मिनल व्हॅल्यूला त्याच वर्षाच्या ईपीएसने भागा. पहिल्या हिशोबात ३५५.३४ भागिले ८०.४५, म्हणजे पीई जेमतेम ४.४ येतो. स्थिरावलेली, नफ्यातली, कर्ज न बुडवणारी कंपनी पाच वर्षांनी ४.४ पीईला विकली जाईल असं तुम्हाला खरंच वाटतं का? दुरुस्त केलेल्या हिशोबात पीई १०.६ येतो. दुसरी खूण म्हणजे वाढीच्या दराला राखलेल्या नफ्याच्या प्रमाणाने भागणं. येणारा आरओई `r` पेक्षा खाली असेल तर ते जाणूनबुजून धरलंय का, हे स्वतःला विचारा.

पण लाभांश एका वर्षात २० वरून ५१ रुपयांवर कसा जाईल?

तसा जात नाही. प्रत्यक्षात पेआउट काही वर्षांत टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे ५३८ हा आकडा थोडा उदार आहे. दिशा मात्र खरी आहे. इन्फोसिसचंच बघा. सुरुवातीच्या काळात झपाट्याने वाढलेली ही कंपनी मोठी झाली आणि वाढीचा वेग उतरला, तसं भागधारकांना परत द्यायच्या पैशांचं प्रमाण वाढलं. २०१९ मध्ये कंपनीने हे धोरण मोकळ्या रोख प्रवाहाच्या ७० टक्क्यांवरून पाच वर्षांच्या काळात मिळून सुमारे ८५ टक्क्यांवर नेलं.

अशी धोरणं शोधायला फार फिरावं लागत नाही. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना लाभांश वाटपाचं धोरण जाहीर करणं सेबीने बंधनकारक केलं आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात ते असतं. पुष्कळदा मजकूर गोलमोल असतो, पण ज्यांनी आकडा लिहिलाय त्यांचा आकडा थेट शीटमध्ये घ्यावा.

दुसऱ्या टप्प्यातला आरओई किती धरू?

सावध राहायचं असेल तर `r` इतकाच. स्पर्धा वाढली की नव्या गुंतवणुकीवरचा जादा परतावा हळूहळू वितळतो, हे त्यामागचं गृहीतक. आपल्या उदाहरणात आरओई १२ टक्के धरला तर ६ टक्के वाढीसाठी निम्मा नफा राखावा लागतो. टर्मिनल व्हॅल्यू ७१०.६८ येते आणि आजचं एकूण मूल्य ४५७.४२.

यात एक गंमत आहे. आरओई आणि `r` सारखे असले की टर्मिनल व्हॅल्यू ही सहाव्या वर्षाच्या ईपीएसला `r` ने भागल्याइतकीच होते, ८५.२८ भागिले ०.१२. सहाव्या वर्षाचा नफा एकदा ठरला की त्यापुढची वाढ ४ टक्के असो की ७, आकडा हलत नाही. १२ टक्के देऊन आणलेल्या पैशांवर १२ टक्केच मिळवले तर वाढीतून भागधारकाच्या पदरात काहीच जादा पडत नाही.

ब्रँड, परवाना किंवा वितरणाचं जाळं यामुळे कंपनीला टिकाऊ बचाव आहे असं ठामपणे वाटत असेल तर दोन-तीन टक्के वर जा. आजचा २५-३० टक्क्यांचा आरओई अनंत काळासाठी धरायला मात्र मी तयार नाही.

दुसऱ्या टप्प्यातला वाढीचा दर कुठून आणायचा?

रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे. तेवढी महागाई धरली तर ६ टक्के वाढ म्हणजे महागाई वजा जाता २ टक्के. प्रौढ कंपनीसाठी हे पुरेसं आहे. देशाची अर्थव्यवस्था चालू किमतींत १० टक्क्यांच्या आसपास वाढते म्हणून तोच दर घालायचा मोह होतो, पण देशाची ती वाढसुद्धा अनंत काळ टिकणारी नाही. वापरायला सोपी मर्यादा अशी की हा दर दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या व्याजदराच्या वर नेऊ नये.

आणि अपेक्षित परतावा?

दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर घ्या. गेल्या काही वर्षांत तो साडेसहा-सात टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. त्यात शेअरच्या जोखमीसाठी पाच-सहा टक्के मिळवा. त्यातून १२ टक्के येतात. बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो ते सांगणारा बीटा वापरून दशांशापर्यंत काटेकोर होण्यात फारसा अर्थ नाही. एकच पथ्य पाळा: वाढ रुपयांत महागाईसकट धरली असेल तर परतावाही महागाईसकटच हवा.

गृहीतकं एका टक्क्याने चुकली तर किती फरक पडतो?

कोणतं गृहीतक चुकलं यावर ते अवलंबून आहे. पेआउट २५ टक्क्यांवर गोठवलेल्या चुकीच्या शीटमध्ये दुसऱ्या टप्प्याची वाढ ५, ६, ७ टक्के केली तर मूल्य २२५, २५६, २९८ रुपये येतं. एका टक्क्याला १२ ते १७ टक्क्यांचा फरक. पेआउट वाढीशी जोडला आणि आरओई १५ टक्के ठेवला तर आकडे ५११, ५३८, ५७५. फरक पाच-सात टक्क्यांवर येतो, कारण वाढ जास्त धरली की त्यासाठी जास्त नफा राखावा लागतो आणि लाभांश आपोआप कमी होतो. एरवी शीटमध्ये वाढ फुकट मिळते, इथे तिची किंमत मोजावी लागते.

अपेक्षित परताव्याला मात्र असा लगाम नाही. दुरुस्त शीटमध्ये `r` ११ टक्के केला तर ६६३ रुपये, १३ केला तर ४४९. म्हणून एकच आकडा घेऊन भांडू नये, ११ ते १३ चा पट्टा मांडून बघावा.

वाढ एका वर्षात १५ वरून ६ वर कशी कोसळेल? हळूहळू उतरायला नको का?

हवी. त्यासाठी फुलर आणि शिया यांनी १९८४ मध्ये ‘एच मॉडेल’ मांडलं:

```
P0 = D0 x [(1 + gL) + H x (gS - gL)] / (r - gL)
```

`D0` यंदाचा लाभांश, `gS` सुरुवातीची वाढ, `gL` शेवटची, आणि `H` म्हणजे वाढ उतरायला लागणाऱ्या वर्षांच्या निम्मी वर्षं. दहा वर्षांत १५ वरून ६ वर उतरायचं असेल तर `H` पाच. उत्तर २५१.६७. पाच वर्षं पूर्ण वेगाने धावून एकदम थांबण्याचं उत्तर २५५.७९ होतं, म्हणजे जवळपास तेच. तेव्हा घसरणीच्या आकारावर फार वेळ घालवू नका. एच मॉडेलमध्येही पेआउट बदलत नाही, त्यामुळे वरची गडबड त्यातही तशीच्या तशी आहे.

शीटमध्ये पाच ओळी न मांडता एका सूत्रात करता येईल का?

येईल. `B1` मध्ये यंदाचा ईपीएस, `B2` सध्याचा पेआउट, `B3` पहिली वाढ, `B4` वर्षं, `B5` अपेक्षित परतावा, `B6` दुसरी वाढ, `B7` दुसऱ्या टप्प्याचा आरओई. पहिली ओळ पहिल्या टप्प्याची, दुसरी टर्मिनल व्हॅल्यूच्या आजच्या मूल्याची:

```
=B1*B2*(1+B3)/(B5-B3)*(1-((1+B3)/(1+B5))^B4)
=B1*(1+B3)^B4*(1+B6)*(1-B6/B7)/(B5-B6)/(1+B5)^B4
```

पहिल्या ओळीत वाढ परताव्यापेक्षा जास्त असली तरी चालते, दोन उणे चिन्हं एकमेकांना खातात. दोन्ही अगदी सारखे असतील तर शून्याने भागाकार होतो, तेव्हा वाढ ०.०१ टक्क्याने हलवा. शीट बरोबर आहे का ते बघायला आपलेच आकडे घाला: ५४.१६ आणि ४८३.९१ यायला हवेत.

कंपनीने ५०० टक्के लाभांश जाहीर केला. तो आकडा कसा वापरायचा?

आपल्याकडे लाभांशाची टक्केवारी दर्शनी किमतीवर असते, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत १ रुपया असेल तर ५०० टक्के म्हणजे ५ रुपये, १० असेल तर ५० रुपये. वर्षातले अंतरिम आणि अंतिम लाभांश एकत्र करा. जमीन विकून किंवा वर्धापनदिनानिमित्त दिलेला विशेष लाभांश मात्र बाजूला काढा, नाहीतर त्या एकदाच मिळालेल्या पैशांवर तुम्ही कायमची वाढ लावून बसाल. मधल्या काळात बोनस किंवा विभाजन झालं असेल तर जुने लाभांशही त्या प्रमाणात कमी करून घ्या. बायबॅक नियमित होत असेल तर तो प्रतिशेअर रकमेत लाभांशाबरोबर धरणं योग्य, पण मग शेअरसंख्या घटल्यामुळे वाढणारा ईपीएस पुन्हा वाढीच्या दरात मोजू नका.

कोणत्या कंपन्यांना हे मॉडेल लावू नये?

लाभांश न देणाऱ्या कंपन्यांना. बर्कशायर हॅथवेने वॉरन बफे यांच्या कारकिर्दीत एकदाच, १९६७ मध्ये, शेअरमागे १० सेंट लाभांश दिला. त्यावरून तिचं मूल्य काढायला बसणं व्यर्थ आहे. पोलाद, साखर अशा चक्रात फिरणाऱ्या धंद्यांमध्ये एखाद्या तेजीच्या वर्षाचा लाभांश `D0` म्हणून घेतला तर सगळंच फुगतं. तिथे निदान एका पूर्ण चक्राची सरासरी घ्यावी. कर्ज काढून लाभांश देणारी कंपनी सगळ्यात फसवी, कारण मॉडेलला तो लाभांश दिसतो पण कर्ज दिसत नाही. म्हणून लाभांशाशेजारी रोख प्रवाहाचं पत्रक उघडून ठेवा.

माझ्या हिशोबाने ५३८ आणि बाजारात भाव ६७०. शेअर महाग आहे का?

त्याआधी गणित उलट करून बघा. बाकी सगळं तेच ठेवून पहिल्या टप्प्याची वर्षं पाचाऐवजी दहा केली तर मूल्य ६६८ येतं. म्हणजे ६७० देणारा माणूस साधारणपणे असं म्हणतोय की ही कंपनी दहा वर्षं १५ टक्क्यांनी वाढेल, तेव्हा तिचा नफा आजच्या चौपट झालेला असेल आणि त्यानंतरही नव्या गुंतवणुकीवर ती १५ टक्के मिळवत राहील. आता प्रश्न आकड्यांचा उरला नाही, धंद्याचा झाला. चौपट नफ्याला पुरेल एवढी बाजारपेठ आहे का, तेवढ्या काळात कोण स्पर्धक येऊ शकतो, कारखान्याची क्षमता आज किती वापरली जाते, हे वार्षिक अहवालात शोधता येतं. तुमचं उत्तर ‘सात-आठ वर्षं सहज, दहा कठीण’ असं आलं तर ६७० महाग आहे आणि किती महाग तेही `B4` मध्ये ७ किंवा ८ घालून कळेल.